असाइनमेंट हाती आली: किती तासांची, नेमके काय हवे आणि गुण कशावर?

दहावीच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर पहिल्या प्रश्नाच्या आधीच दोन गोष्टी छापलेल्या असतात: वेळ किती आणि एकूण गुण किती. पुढे प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे गुण लिहिलेले असतात. त्यामुळे दोन गुणांच्या प्रश्नाला पानभर उत्तर लिहायचे नाही, एवढे सोळा वर्षांच्या मुलालाही कळते. पुढे हाच मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अर्ज करते आणि कंपनीकडून घरी सोडवायची असाइनमेंट येते, तेव्हा त्या कागदावर यातले काहीच नसते. मेलमध्ये दोन ओळी असतात: असाइनमेंट जोडली आहे, सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. काम किती तासांचे, त्यात काय हवे, काय नको आणि तपासणारा आधी काय बघणार, हे सगळे उमेदवाराने ताडायचे.

असे ताडण्यात बहुतेक जण एकाच बाजूला चुकतात. मुदत तीन दिवसांची आहे म्हणजे काम तीन दिवसांचे आहे, असे धरून चालतात. मग मागितलेले नसताना लॉगिन बसवतात, रंगीत पडदे करतात, सर्व्हरवर चढवतात आणि ज्या एका गोष्टीवर निकाल ठरणार असतो तिला शेवटचा अर्धा तास मिळतो. हे टाळण्याचा उपाय साधा आहे. काम सुरू करण्याआधी रिक्रूटरला तीन गोष्टी विचारायच्या: अपेक्षा काय, तास किती, तपासणी कशावर. त्या कशा विचारायच्या आणि आलेल्या उत्तराचे काय करायचे, ते या प्रकरणात पाहू.

उत्तर कोणाकडे असते

उमेदवाराशी जी व्यक्ती बोलते, तिला आपण सरसकट ‘एचआर’ म्हणतो. तिचे काम उमेदवार शोधणे, वेळा ठरवणे आणि निरोप पोचवणे हे असते. असाइनमेंट तिने तयार केलेली नसते आणि ती तपासणारही नसते. तयार करतो तो तांत्रिक टीममधला कोणी ज्येष्ठ. तपासतो त्याच टीममधला दुसरा कोणी, बहुधा आपले रोजचे काम सांभाळून. घ्यायचे की नाही हे ठरवतो हायरिंग मॅनेजर. भरती एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत असेल तर मध्ये आणखी एक माणूस वाढतो आणि त्याला कंपनीच्या आतले फारसे ठाऊक नसते.

म्हणून प्रश्न असा लिहावा लागतो की रिक्रूटरने तो न बदलता पुढे ढकलला तरी तांत्रिक माणसाला लगेच समजेल आणि त्याला एका ओळीत उत्तर देता येईल. ‘जरा डिटेल्स सांगाल का’ या प्रश्नाला रिक्रूटर स्वतःच काहीतरी गुळमुळीत उत्तर देते आणि तिथेच विषय संपतो. ‘अपेक्षित वेळ सुमारे चार तास धरू का’ हा प्रश्न मात्र पुढे जातो, कारण त्याचे हो किंवा नाही असे उत्तर असते.

हिंजवडीत किंवा खराडीत राहणाऱ्या उमेदवाराला यातली बरीच माहिती बाहेरूनच मिळते. खोलीतला मित्र त्याच कंपनीत असतो, कोणाच्या तरी मैत्रिणीने तीच असाइनमेंट मागच्या महिन्यात सोडवलेली असते. ते लोक टेस्ट बघतात, पडद्यावरच्या दिसण्याला महत्त्व देत नाहीत, हे चहा पिता पिता कळते. जालना-मंठा रस्त्यावरच्या वाटूरला घरी बसून अर्ज करणाऱ्या मुलीला हा शेजार नाही. तिच्या आणि पुण्याच्या मुलाच्या तयारीत फरक नसला तरी माहितीत असतो. तो फरक भरून काढायचा सरळ मार्ग तिच्याकडे एकच आहे: जे त्याला कानावरून कळते, ते तिने लेखी विचारून घ्यायचे. यात कोणाची मेहरबानी मागणे नाही. नोकरीवर रुजू झाल्यावर कोणतेही काम हाती घेताना हेच विचारायचे असते.

एक असाइनमेंट जवळून

उदाहरणादाखल वाटूरच्याच एका उमेदवाराची कल्पना करू. संगणकाची पदवी झालेली, छत्रपती संभाजीनगरच्या एका लहान कंपनीत वर्षभर काम केलेले, आता पुण्यातल्या बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी पहिली फेरी पार झाली आहे. शुक्रवारी दुपारी मेल येतो. सोबत बाजार समितीच्या रोजच्या दरांची एक फाइल आहे. काम असे: ही फाइल वाचून डेटाबेसमध्ये भरा, शेतमाल आणि तारखा दिल्यावर दर देणारी एक एपीआय करा आणि महिन्याचा सरासरी दर देणारी दुसरी एपीआय करा. सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. फाइलीतल्या काही ओळी अशा आहेत:

```
date,commodity,arrival_qtl,min,max,modal
2024-11-04,Soybean,100,3700,4250,4000
2024-11-05,Soybean,900,4100,4550,4400
2024-11-05,Soybean,900,4100,4550,4400
06/11/2024,Soyabean,350,,4500,4300
```

पहिला रकाना तारखेचा, दुसरा मालाचा, तिसरा आवक किती क्विंटल त्याचा. पुढे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. नीट पाहिले तर चार ओळींत चार भानगडी आहेत. दुसरी आणि तिसरी ओळ हुबेहूब एकच आहे. चौथ्या ओळीत तारीख वेगळ्या पद्धतीने लिहिली आहे, त्यामुळे ती सहा नोव्हेंबर की अकरा जून हे यंत्राला आपोआप कळणार नाही. सोयाबीनचे स्पेलिंग बदलले आहे. आणि किमान दर रिकामा आहे.

इथे उमेदवाराच्या मनात दहा-बारा प्रश्न येतात आणि ते सगळे विचारावेसे वाटतात. पण सगळे विचारायचे नसतात. अशा असाइनमेंटमध्ये काही संदिग्धता मुद्दाम ठेवलेली असते. खराब ओळींशी उमेदवार कसा वागतो हेच पाहायचे असते. दुबार ओळ गाळावी की ठेवावी, असे विचारणारा माणूस रोजच्या कामातही प्रत्येक पावलावर थांबेल, असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. म्हणून प्रश्नांचे दोन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात ज्या गोष्टी स्वतः ठरवता येतात आणि ठरवल्याचे कारण लिहिता येते. दुबार ओळ एकदाच धरली. बाकीच्या तारखा नोव्हेंबरच्या आहेत म्हणून तिरक्या रेघांची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी वाचली. दोन्ही स्पेलिंगे एकाच मालाची मानली. किमान दर नसेल तर ओळ टाकून दिली नाही, तो रकाना रिकामा ठेवला. हे चारही निर्णय रीडमी फाइलीत ‘गृहीतके’ या मथळ्याखाली चार ओळींत येतात. त्यासाठी कोणाला फोन करायची गरज नाही.

दुसऱ्या ढिगात अशा गोष्टी की ज्यांचे उत्तर बदलले तर कामाचा आकार बदलतो किंवा निकालाचा आकडाच बदलतो. पडदा हवा की फक्त एपीआय? लॉगिन हवे का? सर्व्हरवर चढवून दाखवायचे की रेपोचा दुवा पुरे? हे आकाराचे प्रश्न. आणि आकड्याचा प्रश्न एकच, पण महत्त्वाचा: महिन्याची सरासरी म्हणजे कोणती सरासरी?

हा प्रश्न बाजार समितीच्या आवारात उभा राहिलेला माणूस लगेच ओळखतो. वरच्या पहिल्या दोन दिवसांचे दर घ्या. एका दिवशी 100 क्विंटल माल 4000 रुपयांनी, दुसऱ्या दिवशी 900 क्विंटल 4400 रुपयांनी गेला असे धरा. दोन दरांची साधी सरासरी 4200 येते. पण आवक लक्षात घेतली तर एकूण 1000 क्विंटल माल 43,60,000 रुपयांना विकला गेला, म्हणजे सरासरी 4360. फरक क्विंटलमागे 160 रुपयांचा. दोन्ही आकडे आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत, मात्र तपासणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत यातला एकच असण्याची शक्यता आहे. फाइलीत आवकेचा रकाना दिला आहे, यावरून भारित सरासरीकडे कल असावा असे वाटते, पण तो तर्क झाला. इथे विचारणे योग्य आहे आणि असा प्रश्न विचारल्याने उमेदवाराची समजही दिसते.

तास: मुदत वेगळी, श्रम वेगळे

आता वेळेकडे. शुक्रवार दुपार ते सोमवार संध्याकाळ ही मुदत आहे. कंपनीने ती अशी ठेवली, कारण उमेदवाराला नोकरी असू शकते, घरचे काम असू शकते, कुठे तरी सलग काही तास मिळावेत. त्या मुदतीत अपेक्षित श्रम चार तासांचेही असू शकतात आणि पंचवीस तासांचेही. या दोन आकड्यांत जे बसते ते अगदी वेगवेगळे असते.

चार तासांचा हिशेब मांडून पाहू. असाइनमेंट नीट वाचणे, फाइल चाळणे आणि आराखडा करणे यासाठी अर्धा तास. फाइल वाचून स्वच्छ करून डेटाबेसमध्ये भरणे, एक तास. दोन एपीआय, एक तास. टेस्ट लिहिणे, पाऊण तास. रीडमी लिहिणे आणि सगळे नव्या फोल्डरमध्ये उतरवून पुन्हा चालवून पाहणे, पाऊण तास. चार तास भरले. यात पडदा नाही, लॉगिन नाही, सर्व्हर नाही. ज्याला चार तास अपेक्षित आहेत हे ठाऊक आहे, तो या तीन गोष्टींना निर्धास्तपणे हात लावत नाही. ज्याला ठाऊक नाही, तो बहुधा त्यांच्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्या डोळ्यांना दिसतात.

कंपनीने सांगितलेला आकडाही थोडा तपासून घ्यावा. तो सांगणाऱ्याने हे कोडे आधी सोडवलेले असते आणि त्याच्या लॅपटॉपवर सगळी साधने बसवलेली असतात. त्यामुळे त्याचे ‘चार तास’ म्हणजे नुसते कोड लिहिण्याचे असू शकतात. म्हणून ‘यात टेस्ट आणि रीडमी धरले आहे ना’ एवढे जोडून विचारावे.

काही कंपन्यांत तासांचा प्रश्न कागदावरच सुटलेला असतो आणि त्याचे कारण बोलके आहे. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक या कंपनीचे प्रमुख मॅट मुलेनवेग यांनी 2014 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आपली भरतीची पद्धत लिहिली होती. शेवटच्या टप्प्यातल्या उमेदवारांना ते खरे काम कंत्राटावर देत, हातची नोकरी न सोडता रात्री किंवा शनिवार-रविवारी करण्याची मुभा देत, आणि पद कोणतेही असो, ताशी 25 डॉलर मोबदला देत. पैसे तासावर मोजायचे म्हटले की तास मोजलेच जातात. असाइनमेंट फुकट असते तेव्हा कंपनीच्या बाजूने तास मोजण्याचे काही कारण उरत नाही. वीस तास गेले काय आणि चार गेले काय, तिच्या खात्यात दोन्ही शून्यच. त्यामुळे मोजायला लावण्याची जबाबदारी उमेदवारावर येते.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. अडचण मुदतीची असेल तर मुदत मागावी, तासांवर घासाघीस करू नये. गावात शनिवारी दिवसभर वीज नसणार आहे, किंवा चालू नोकरीत रविवारी पाळी आहे, तर ‘मंगळवारी सकाळी दिले तर चालेल का’ असे विचारावे. हे काम सुरू करण्याआधी विचारले तर सहसा कोणी हरकत घेत नाही. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता विचारले तर तेच निमित्त काढल्यासारखे वाटते.

तपासणी: ‘कोड क्वालिटी’ या उत्तरावर थांबू नका

‘कशावर तपासणार’ असे सरळ विचारले की बहुतेक वेळा उत्तर येते: कोड क्वालिटी आणि ॲप्रोच. याने काहीच कळत नाही. प्रश्न निवडीचा करावा. पूर्णपणा, टेस्ट, कोडची रचना आणि लेखी खुलासा, यांपैकी तुमच्या टीमला सर्वात महत्त्वाच्या दोन गोष्टी कोणत्या? यावर तांत्रिक माणूस विचार न करताही उत्तर देतो, कारण त्याच्या मनात क्रम असतोच. त्याने टेस्ट आणि रचना म्हटले, तर दुसरी एपीआय अर्धवट राहिली तरी चालेल पण पहिलीला टेस्ट हव्यात, हे समजले. त्याने पूर्णपणा म्हटले, तर उलट.

आणखी दोन गोष्टी विचारण्याजोग्या आहेत. एक, या कोडवर पुढच्या फेरीत चर्चा होणार का? होणार असेल तर प्रत्येक निर्णयाचे कारण तोंडी सांगता यायला हवे आणि सोपा उपाय वापरून तो का वापरला हे सांगणे फायद्याचे ठरते. दोन, कशामुळे असाइनमेंट थेट बाद होते? बऱ्याच ठिकाणी याचे उत्तर एकच असते: आमच्या मशीनवर चालली नाही तर. तपासणारा माणूस रेपो उतरवतो, रीडमी उघडतो आणि त्यात लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा देतो:

```
git clone <repo-url>
cd bhav-api
npm install
npm test
npm start
```

यातली एखादी ओळ अडकली, की डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवायचा, कोणती आवृत्ती हवी, हे शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो. रीडमीसाठी आणि पुन्हा चालवून पाहण्यासाठी वर पाऊण तास ठेवला, तो यासाठी.

तपासणीचा निकष विचारण्याला आणखी एक आधार आहे. नोकरीच्या चाचण्यांपैकी पुढच्या कामाचा अंदाज कोणती चांगला देते, यावर मानसशास्त्रात शतकभर संशोधन झाले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा गोषवारा मांडला. त्यात कामाचा नमुना करून घेण्याच्या चाचणीला 0.54 असा, सर्वात वरचा सहसंबंध दिला होता. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हेच आकडे दुरुस्त पद्धतीने काढले, तेव्हा नमुना-चाचणी 0.33 वर आली आणि आखीव मुलाखत 0.42 घेऊन पुढे गेली. मोघम, अघळपघळ मुलाखत 0.19 वर राहिली. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि सगळ्यांना तीच मोजपट्टी. आखणी असली की चाचणी उपयोगी, नसली की तिची उपयुक्तता घसरते, हा यातला धडा. म्हणजे निकष विचारणारा उमेदवार कंपनीच्या हिताविरुद्ध काही करत नाही. लिहिलेला निकष असेल तर कंपनीला तो सांगायला अडचण नसते, आणि नसेल तर या प्रश्नामुळे तो लिहिला जाण्याची थोडी तरी शक्यता तयार होते.

मेल कसा लिहावा

असाइनमेंट आली त्याच दिवशी, पण पूर्ण वाचून झाल्यावर, एकच मेल पाठवावा. प्रश्न सुटे सुटे पाठवू नयेत. प्रत्येक प्रश्नासोबत आपला अंदाज लिहावा, म्हणजे उत्तर आले नाही तरी काम अडत नाही. पुण्यातल्या कंपनीशी हा व्यवहार बहुधा इंग्रजीत होईल, पण मजकूर असाच ठेवावा:

> नमस्कार मॅडम,
>
> असाइनमेंट मिळाली, धन्यवाद. पूर्ण वाचली आहे. सुरू करण्याआधी चार गोष्टी तांत्रिक टीमकडून निश्चित करून मिळाव्यात. हा मेल तसाच पुढे पाठवला तरी चालेल.
>
> 1. व्याप्ती: दोन एपीआय, डेटाबेस, टेस्ट आणि रीडमी एवढे करते आहे. पडदा, लॉगिन आणि सर्व्हरवर चढवणे यात धरलेले नाही. बरोबर आहे ना?
>
> 2. वेळ: टेस्ट आणि रीडमी धरून सुमारे चार तास अपेक्षित आहेत असे मानते. कमी-जास्त असल्यास कळवावे.
>
> 3. तपासणी: पूर्णपणा, टेस्ट, कोडची रचना, लेखी खुलासा यांपैकी सर्वात महत्त्वाच्या दोन गोष्टी कोणत्या? पुढच्या फेरीत या कोडवर चर्चा असेल का?
>
> 4. महिन्याची सरासरी आवकेच्या प्रमाणात काढायची की दिवसांची साधी? फाइलीत आवक दिली असल्यामुळे मी आवकेच्या प्रमाणात धरते आहे.
>
> उद्या दुपारपर्यंत काही कळले नाही तर वरील गोष्टी गृहीत धरून काम करेन आणि रीडमीत तसे नमूद करेन. सोमवारी संध्याकाळची मुदत मला सोयीची आहे.

शेवटच्या दोन वाक्यांमुळे मेलचा सूर ठरतो. उमेदवार उत्तरासाठी अडून बसलेली नाही आणि मुदतही मान्य आहे, हे वाचणाऱ्याला कळते. त्यामुळे प्रश्न विचारल्याने वाईट दिसेल, ही भीती उरत नाही.

पुष्कळदा रिक्रूटर मेलला उत्तर देण्याऐवजी फोन करते. तेव्हा संभाषण साधारण असे होते. “अगं, असं काही फिक्स नसतं. तू तुझं बेस्ट दे.” यावर गप्प बसू नये आणि वादही घालू नये. “हो मॅडम. मग मी चार तासांच्या हिशेबानं दोन एपीआय आणि टेस्ट करते. पडदा करत नाही. टीमला एवढं एकदा विचाराल का, की टेस्ट जास्त बघतात की सगळं पूर्ण झालेलं?” असा एकच प्रश्न फोनवर धरून ठेवावा. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल करावा: आत्ताच्या बोलण्यानुसार मी असे करते आहे. तपासणारा माणूस त्या फोनवर नव्हता. त्याच्यापर्यंत पोचते ते लिहिलेलेच.

आलेले उत्तर कसे वाचावे

स्पष्ट उत्तर आले तर प्रश्नच नाही. त्याप्रमाणे काम करावे आणि ठरलेल्या तासांच्या फार पुढे जाऊ नये. चार तासांचे काम सहा तासांत झाले तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. चार तास संपले आणि निम्मेच झाले असेल, तर जे झाले ते चालते ठेवून थांबावे आणि काय राहिले, ते कसे केले असते, हे रीडमीत लिहावे. अर्धवट पण चालणारे आणि समजावलेले काम वाचता येते. पूर्ण दिसणारे पण न चालणारे काम वाचता येत नाही.

‘वेळेची मर्यादा नाही, हवे तेवढे करा’ असे उत्तर आले तर मर्यादा आपणच घालावी आणि ती सांगावी: “मी यासाठी सहा तास ठेवले आहेत, त्यात हे केले.” अशा ठिकाणी दुसरा कोणी तीस तास घालून येईल, ही शंका खरी आहे आणि तिच्यावर उमेदवाराकडे पूर्ण इलाज नाही. तरी सहा तासांत काय जमते हे लिहून दाखवणाऱ्याचे काम तपासणाऱ्याला मोजता येते.

एका प्रकारच्या उत्तराकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. काम कंपनीच्या चालू उत्पादनाचाच एखादा भाग आहे, तास मोठे आहेत, तपासणीचा निकष कोणी सांगत नाही आणि चर्चेची फेरीही नाही, असे सगळे एकत्र आले तर ती परीक्षा कमी आणि फुकटचे काम जास्त असण्याचा संभव आहे. अशा वेळी ‘हे काम तुम्ही वापरणार का, आणि मी माझ्या कामांच्या संग्रहात ठेवू शकते का’ असे विचारावे. यामागे कायद्याचा आधार आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि कलम 17 नुसार तिचा पहिला मालक तिचा लेखक असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर ती मालकी सहसा मालकाकडे जाते. उमेदवार अजून नोकर नसतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सही केलेले हस्तांतरण लागते. म्हणून असाइनमेंटसोबत एखाद्या फॉर्मवर सही मागितली असेल, तर त्यात हक्क देऊन टाकल्याचे वाक्य आहे का, हे आधी वाचावे. तसेच असाइनमेंट गुप्त ठेवा असे सांगितले असेल तर ती सार्वजनिक रेपोत टाकू नये. खासगी रेपो करून तपासणाऱ्याला प्रवेश द्यावा.

उत्तर अजिबात आले नाही, तर ठरवल्याप्रमाणे आपल्या गृहीतकांवर काम करून पाठवावे. मेलला उत्तर नाही म्हणून कंपनी वाईट, असा निष्कर्ष लगेच काढू नये. तपासणारा रजेवर असतो, रिक्रूटरकडे एकाच वेळी अनेक जागा असतात. पण काम पाठवल्यावरही कोणी बोलले नाही, निकाल विचारला तरी कळवला नाही, तर त्याच कंपनीची दुसरी असाइनमेंट घेण्याआधी तास आणि निकष लेखी मिळाल्याशिवाय संगणक उघडू नये.

पाठवताना

शेवटचा मेल लहान ठेवावा, पण त्यात आधीच्या उत्तरांचा धागा दिसावा. ठरल्याप्रमाणे सुमारे चार तास दिले. टेस्ट आणि रचनेला प्राधान्य दिले. सरासरी आवकेच्या प्रमाणात काढली आहे. चार गृहीतके रीडमीत आहेत. पडदा केलेला नाही. या पाच वाक्यांनी तपासणाऱ्याच्या हातात मोजपट्टी येते आणि जे मुद्दाम केले नाही ते राहून गेले, असे त्याला वाटत नाही.

नापास झाल्यास निकषांचा आणखी एक उपयोग होतो. ‘टेस्ट आणि रचना या दोन गोष्टींत माझे काम कुठे कमी पडले’ असा नेमका प्रश्न विचारता येतो. नुसता ‘फीडबॅक द्या’ म्हटल्यावर जे मिळत नाही, ते अशा प्रश्नावर काही वेळा मिळते.

तेव्हा वाटूर असो, परतूर असो की पुणे, असाइनमेंट हाती आली की लगेच कोड लिहायला बसू नका. ती पूर्ण वाचा, प्रश्नांचे दोन ढीग करा, व्याप्ती, तास आणि निकष विचारणारा एक मेल त्याच संध्याकाळी पाठवा आणि मगच पहिली ओळ लिहा.